आयपीव्ही ६ चा पत्ता बरोबर दिसतो, तरी जुळत नाही: शून्यं गाळताना होणारे घोळ आणि ते पकडायची रीत

महापे-रबाळे पट्ट्यातली छोटी ऑफिसं असोत, वागळे इस्टेटमधले गाळे असोत किंवा घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचे सीसीटीव्ही असोत, आयपीव्ही ६ सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात येणाऱ्या तक्रारींत एक हमखास असते. कागदावर एक पत्ता, राउटरच्या पानावर दुसरा, लॉगमध्ये तिसराच. तिन्ही एकच आहेत की वेगवेगळे, हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. केबल, स्विच, लाइन सगळं ठीक असतं. चूक असते ती पत्ता लिहिताना गाळलेल्या शून्यांत.

लक्षणं

पहिलं लक्षण सरळ आहे: राउटर किंवा सर्व्हर पत्ता घेतच नाही, अवैध आहे म्हणतो. त्यातल्या त्यात हे बरं, कारण चूक लगेच कळते.

दुसरं लक्षण त्रासदायक. पत्ता सेव्ह होतो, कुठे लाल अक्षर दिसत नाही, पण त्या मशीनपर्यंत कुणी पोचत नाही. किंवा फायरवॉलचा नियम जागेवर असतो, पण त्याचा काउंटर शून्यावरून हलत नाही.

तिसरं: सगळं व्यवस्थित चालू असतं, पण एक्सेलच्या रजिस्टरमधला पत्ता लॉगमध्ये शोधला की काहीच सापडत नाही.

यातलं दुसरं आणि तिसरं लक्षण एकमेकांपासून वेगळं ओळखता आलं, तर निम्मं काम तिथेच होतं. राउटर, फायरवॉल आणि संगणकाची नेटवर्कची बाजू पत्त्याची अक्षरं पाहत नाहीत. लिहिलेल्या पत्त्याची ती १२८ बिटांची संख्या करतात आणि तीच संख्या ताडून बघतात. म्हणून एकच संख्या पाच प्रकारे लिहिली तरी नेटवर्क बिघडत नाही. याउलट लॉगमधला शोध, एक्सेल, किंवा परवानगीची यादी मजकूर म्हणून ठेवणारा एखादा वेब ॲप्लिकेशनचा कोड अक्षरच पाहतो. तेव्हा पोचच होत नसेल, तर संख्याच चुकली असण्याची शंका घ्या. पोच होते पण शोध रिकामा येतो, तर संख्या बरोबर आहे आणि लिखाणाचं रूप वेगळं आहे.

पुढच्या सगळ्या तपासण्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. सेवादात्याने कागदावर हा पट्टा दिलाय:

```
2001:0DB8:0000:A000::/56
```

आणि ऑफिसच्या फाइल सर्व्हरला त्यातला हा पत्ता द्यायचाय:

```
2001:0db8:0000:a010:0000:0000:0000:0020
```

(`2001:db8` ने सुरू होणारा पट्टा केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे. तुमच्या कागदावर बहुतेक करून `2400` ते `240f` यांमधलं काहीतरी असेल, कारण आशिया-पॅसिफिक भागाला तो मोठा पट्टा दिलेला आहे. ही उदाहरणं जशीच्या तशी राउटरमध्ये घालू नका.)

आधी डोळ्यांनी तपासा, यात खर्च नाही

पूर्ण पत्त्यात आठ गट असतात, मध्ये सात कोलन, आणि प्रत्येक गटात चार हेक्साडेसिमल अंक. म्हणजे `0` ते `9` आणि `a` ते `f`, बाकी काहीही नाही. छोट्या रूपात गटात चारपेक्षा कमी अंक चालतात, जास्त कधीच नाही. जोड कोलन `::` पूर्ण पत्त्यात फार तर एकदा येऊ शकतो.

सर्वात आधी नको असलेली अक्षरं शोधा. शून्याच्या जागी इंग्रजी ओ, एकच्या जागी एल, पीडीएफमधून कॉपी करताना ओळ तुटून मध्ये शिरलेली जागा. आपल्याकडे आणखी एक सापळा आहे. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असताना कुणी पत्ता टाइप करून पाठवला, तर कोलनच्या जागी विसर्ग येऊ शकतो. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, पण संगणकाला तो कोलन नसतो. देवनागरी आकडेही चालत नाहीत. शंका आली तर तो गट पुसून इंग्रजी कीबोर्डवरून पुन्हा टाइप करा. एवढ्यानेच प्रश्न सुटला, असं बरेचदा होतं.

मग `::` मोजा. दोन दिसले तर पत्ता तिथेच बाद. हा नियम कुणाच्या लहरीवर केलेला नाही. समजा कुणी आपल्या सर्व्हरचा पत्ता असा लिहिला:

```
2001:db8::a010::20
```

इथे दिसणारे गट चार, म्हणजे गाळलेले शून्यगटही चार. पण पहिल्या `::` मध्ये किती आणि दुसऱ्यात किती? एक आणि तीन, दोन आणि दोन, किंवा तीन आणि एक. तिन्ही शक्य:

```
2001:db8:0:a010:0:0:0:20
2001:db8:0:0:a010:0:0:20
2001:db8:0:0:0:a010:0:20
```

हे तीन वेगवेगळे पत्ते आहेत. यातला कोणता हवा ते ठरवायला संगणकाकडे काहीच आधार नसतो, म्हणून तो नकार देतो.

मग हाताने उलगडा

कागद-पेन घ्या. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि सगळ्यात जास्त चुका हीच पकडते. आधी दिसणारे गट मोजा आणि आठातून वजा करा, तेवढे शून्यगट `::` च्या जागी येतात. मग प्रत्येक गट डावीकडून शून्यं भरून चार अंकांचा करा. `2001:db8:0:a010::20` मध्ये गट पाच, म्हणजे `::` च्या जागी `0000` तीन वेळा. `db8` चा होतो `0db8`, `0` चा `0000`, आणि `20` चा `0020`. मूळ पूर्ण पत्ता जसाच्या तसा परत मिळाला, म्हणजे छोटं रूप बरोबर.

शून्य फक्त गटाच्या डावीकडचं गाळता येतं. पन्नास रुपये लिहिताना ५० च्या आधी शून्य लावलं तरी रक्कम बदलत नाही, पण ५० चं शेवटचं शून्य पुसलं तर पाचच उरतात. इथेही तसंच आहे. `0020` चा `20` होतो, `2` होत नाही. `a010` मध्ये गाळण्यासारखं शून्य एकही नाही.

ज्यांची घाईने शून्यं गाळायची सवय असते, त्यांच्या हातून हे दोन पत्ते पुन्हा पुन्हा लिहिले जातात:

```
2001:db8:0:a01::20
2001:db8:0:a010::2
```

दोन्ही वैध आहेत, म्हणून कुठलंही उपकरण तक्रार करणार नाही. पहिल्यात `a01` म्हणजे `0a01`, आणि ते नेटवर्क तुमच्या पट्ट्यातलंच नाही. तिथे पाठवलेलं पॅकेट तुमच्या ऑफिसकडे कधीच येणार नाही. दुसऱ्यात नेटवर्क बरोबर आहे, पण शेवटचा गट `0002` झाला. तो पत्ता ऑफिसातल्या प्रिंटरला आधीच दिलेला असू शकतो. तसं असेल तर फाइल सर्व्हरसाठी उघडलेली वाट प्रिंटरला मिळते आणि सर्व्हर बंदच राहतो. फायरवॉलचा काउंटर हलत नसेल तर आधी हा शेवटचा गट बघा.

तिसरी चूक याहून जास्त फसवी:

```
2001:db8::a010:20
```

इथे कुणीतरी दोन `::` टाळायचे म्हणून पहिला ठेवला आणि दुसरा काढून टाकला. उलगडून बघा. गट चार, म्हणून चार शून्यगट, आणि सगळे `db8` नंतर:

```
2001:0db8:0000:0000:0000:0000:a010:0020
```

`a010` चौथ्या गटातून सातव्या गटात सरकला. पहिले चार गट म्हणजे ६४ बिटांचं नेटवर्क, तेच बदललं. दोन ठिकाणी शून्यगट असतील, तर एका ठिकाणचे `::` ने गाळायचे आणि दुसऱ्या ठिकाणचे `0` लिहून दाखवायचे. ते दुसऱ्या ठिकाणचं शून्य खाऊन टाकायचं नाही.

पट्टा लिहिताना होणारा घोळ

`/56` चा पट्टा लिहिताना जाणती माणसंही चुकतात, त्यामुळे इथे जरा थांबू.

एका हेक्साडेसिमल अंकाचे चार बिट. ५६ बिट म्हणजे चौदा अंक. `2001`, `0db8`, `0000` हे बारा झाले, पुढच्या गटातले दोन अंक `a0`. म्हणून कुणाला वाटतं की पट्टा असा लिहावा:

```
2001:db8:0:a0::/56
```

चूक. चौथा गट `a0` लिहिला की तो `00a0` म्हणून वाचला जातो. आता ५६ बिटांत त्या गटाचे पहिले दोन अंक `00` येतात आणि पट्टा झाला `2001:db8::/56`, म्हणजे दुसऱ्याच कुणाचा. मागचे बिट शून्य असले तरी गट पूर्ण लिहावाच लागतो:

```
2001:db8:0:a000::/56
```

या पट्ट्यात चौथा गट `a000` पासून `a0ff` पर्यंत जातो, म्हणजे `/64` ची २५६ नेटवर्कं. आपला `a010` त्यात बसतो.

चुकीचा पट्टा घातला तर काही राउटर नकार देतात, पण काही गपचूप मागचे बिट शून्य करून स्वतःच `2001:db8::/56` सेव्ह करतात. म्हणून सेव्ह केल्यावर ते पान पुन्हा उघडून बघायचंच. तुम्ही लिहिलेलं आणि राउटरने दाखवलेलं यांत `a0` नाहीसा झालेला दिसला, तर दोष सापडला.

शेवटचा `::` गाळूनही चालत नाही. `2001:db8:0:a000/56` हे चार गट आहेत, पत्ता नाही.

रूप एक करा

संख्या बरोबर आहे पण शोध लागत नाही, अशा वेळी इथे या. पत्ता लिहिण्याचे मूळ नियम आरएफसी ४२९१ मध्ये आहेत, २००६ सालचे. त्यात बरीच मोकळीक आहे. डावीकडची शून्यं ठेवा किंवा काढा, अक्षरं मोठी लिहा किंवा छोटी, `::` वापरा किंवा नका वापरू. त्यामुळे एकाच सर्व्हरचे हे चारही पत्ते वैध:

```
2001:0DB8:0000:A010::0020
2001:db8::a010:0:0:0:20
2001:db8:0:a010:0:0:0:20
2001:db8:0:a010::20
```

या मोकळिकीने लॉग आणि रजिस्टर एकमेकांशी जुळेनासे झाले, म्हणून २०१० साली आरएफसी ५९५२ ने एकच रूप सुचवलं. वाचताना सगळी रूपं स्वीकारायची, पण लिहिताना एकच. वरच्या यादीतलं शेवटचं ते.

त्या रूपात डावीकडची सगळी शून्यं जातात, आणि पूर्ण शून्यगटाचं एक `0` उरतं. अक्षरं छोटी असतात. `::` लागतो शून्यगटांच्या सर्वात लांब सलग रांगेला, आणि ती रांग पूर्ण गिळायची, अर्धवट सोडायची नाही. आपल्या पत्त्यात एक शून्यगट `db8` नंतर आहे आणि तीन `a010` नंतर, म्हणून `::` तिघांना मिळतो.

दोन रांगा सारख्याच लांबीच्या असतील तर डावीकडची निवडायची:

```
2001:db8:0:0:1:0:0:1
2001:db8::1:0:0:1
```

आणि शून्यगट एकटाच असेल तर त्याला `::` लावायचा नाही. `2001:db8:0:a010:5:6:7:8` असाच राहू द्या. `2001:db8::a010:5:6:7:8` ही तीच संख्या आहे, जुन्या नियमात चालतंही, पण लिहायचं पहिलं. एकट्या गटासाठी `::` वापरून फक्त एक अक्षर वाचतं, आणि वाचणाऱ्याला मात्र किती गट गेले ते मोजत बसावं लागतं.

एक्सेलमधला शोध मोठी-छोटी अक्षरं सारखीच मानतो, पण लिनक्सवरचा `grep` मानत नाही. त्यामुळे रजिस्टरमध्ये जुळलेला पत्ता लॉगमध्ये सापडत नाही, असं होतं. उलट धोकाही आहे. `a010::2` शोधलात तर `a010::20` आणि `a010::2f` सुद्धा सापडतात. तेव्हा पूर्ण शब्द जुळवणारा `-w` लावा, आणि तरीही आलेल्या ओळी डोळ्यांखालून घाला.

दहा-वीसपेक्षा जास्त पत्ते असतील तर

हाताने करू नका. पायथॉनमध्ये हे काम करणारं `ipaddress` मॉड्यूल सोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही:

```
import ipaddress
a = ipaddress.IPv6Address("2001:DB8::A010:0:0:0:20")
print(a.compressed)
print(a.exploded)
```

उत्तर:

```
2001:db8:0:a010::20
2001:0db8:0000:a010:0000:0000:0000:0020
```

पत्त्यात दोन `::` असतील तर `At most one '::' permitted` असा दोष येतो. पट्ट्यासाठी `IPv6Network` वापरा. त्याला वरचा चुकीचा `2001:db8:0:a0::/56` दिला की तो `has host bits set` म्हणून थांबतो. गपचूप दुरुस्त करणाऱ्या राउटरपेक्षा हे थांबणं शंभर पटीने बरं.

रजिस्टरमध्ये दोन रकाने ठेवा, एक `compressed` आणि एक `exploded`. शोधायला पहिला, फोनवर वाचून दाखवायला दुसरा. फोनवर "डबल कोलन" म्हटलेलं समोरच्याने "कोलन" ऐकलं तर पत्ता बदलतो. पूर्ण रूपात प्रत्येक गट चार अंकांचाच असतो, त्यामुळे एखादा अंक ऐकायचा राहिला तर लगेच कळतं. `b` आणि `d` मात्र दोनदा सांगा.

पोर्ट जोडल्यावर बिघडतं

सर्व्हरचं पान ८०८० पोर्टवर आहे म्हणून आयपीव्ही ४ च्या सवयीने असं लिहिलं जातं:

```
2001:db8:0:a010::20:8080
```

हाही वैध पत्ता आहे! गट सहा, म्हणून दोन शून्यगट, आणि `8080` हा आठवा गट. पोर्ट कुठेच राहिला नाही. काही प्रोग्राम अशा वेळी त्या भलत्याच पत्त्याला जोडायला जातात आणि वाट बघत बसतात. पोर्ट लावायचा असेल तर पत्ता चौकटी कंसात घालावाच लागतो:

```
http://[2001:db8:0:a010::20]:8080/
```

सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरच्या ॲपमध्ये पत्ता आणि पोर्ट यांचे वेगळे रकाने असतील, तर बहुतेक ठिकाणी कंस लागत नाहीत. एकच रकाना असेल तर लावा.

उलट नोंद: छोटं रूप इथे चालत नाही

पत्त्यावरून नाव शोधणाऱ्या डीएनएस नोंदीत शून्य गाळणं अजिबात चालत नाही. ३२ च्या ३२ अंक उलट्या क्रमाने, प्रत्येकानंतर टिंब:

```
0.2.0.0.0.0.0.0.0.0.0.0.0.0.0.0.0.1.0.a.0.0.0.0.8.b.d.0.1.0.0.2.ip6.arpa
```

हे हाताने लिहिण्यात शहाणपण नाही. वरच्याच कोडमध्ये `print(a.reverse_pointer)` जोडा आणि आलेली ओळ कॉपी करा. मेल सर्व्हर असेल तर ही नोंद चुकल्यावर समोरचे सर्व्हर मेल नाकारू शकतात, म्हणून ती टाळून पुढे जाऊ नका.

इथे थांबा

राउटर, सर्व्हर आणि फायरवॉल या तिन्ही ठिकाणचा पत्ता `exploded` रूपात काढून एकाखाली एक ठेवा. बत्तीसच्या बत्तीस अंक जुळले आणि तरीही पोच होत नसेल, तर दोष लिखाणात नाही. शून्यं पुन्हा तपासत बसू नका. पुढचं काम राउटची नोंद, राउटरच्या घोषणा आणि फायरवॉल यांचं आहे. त्यासाठी नेटवर्क इंजिनिअरला बोलवा.

लाइन तुटून परत आल्यावर पट्टाच बदलत असेल, तर तो सेवादात्याचा प्रश्न. त्यांच्याकडून कायमचा पट्टा मागून घ्या. उलट नोंदीचा विभाग तुमच्या नावावर सोपवायचा असेल तर तेही त्यांनाच करावं लागतं.

दोन गोष्टी स्वतः करूच नका. "बघू चालतं का" म्हणून आयपीव्ही ६ चा फायरवॉल बंद करू नका. इथे घरातल्या उपकरणांचे पत्ते बाहेरून थेट गाठता येणारे असतात, त्यामुळे तेवढ्या वेळात सोसायटीचा कॅमेरा रेकॉर्डर सगळ्या जगाला उघडा पडतो. आणि दूरवरून लॉगिन करून त्याच राउटरचा पत्ता बदलू नका. एक अंक चुकला तर जोडणी तुटेल आणि कुणालातरी ऐरोलीहून कासारवडवलीला जावं लागेल.

सेवादात्याला फोन करण्याआधी त्यांनी दिलेला पट्टा कागदावर आहे तसा, राउटरने सेव्ह केल्यावर दाखवलेला पट्टा, आणि सर्व्हरचा पूर्ण ३२ अंकी पत्ता, या तीन ओळी मजकूर म्हणून मेलमध्ये पाठवा. पडद्याचा फोटो पाठवू नका, त्यावरून पत्ता कॉपी करता येत नाही आणि `0` नि `8` मधला फरक दिसत नाही.